आयकराच्या नोटिशीसाठी अधिकृत प्रतिनिधी : कोणाला नेमावे, किती अधिकार द्यावेत

आयकर खात्याची नोटीस आली की करदात्याने स्वतःच उत्तर लिहावे आणि स्वतःच सुनावणीला हजर राहावे, अशी सक्ती कायद्यात नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २८८ नुसार करदात्याला आपल्या वतीने अधिकृत प्रतिनिधी पाठवता येतो. हा प्रतिनिधी आयकर अधिकाऱ्यापुढे उभा राहू शकतो, तसाच अपील न्यायाधिकरणापुढेही. अपवाद एकच, पण महत्त्वाचा. कलम १३१ खाली समन्स काढून करदात्याला शपथेवर जबाब देण्यासाठी जातीने बोलावले असेल, तर तिथे त्यालाच जावे लागते. प्रतिनिधीचा जबाब त्या जागी चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला. त्यातही प्रतिनिधीची ही सोय कायम आहे, फक्त कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आधीच्या वर्षांची करनिर्धारणे मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे चालत असल्याने पुढील विवेचनात जुने क्रमांक वापरले आहेत.

प्रतिनिधी कोण होऊ शकतो, याची कायद्यातील व्याख्या अनेकांना वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे. करदात्याचा कोणत्याही नात्याने नातेवाईक असलेला माणूस चालतो. त्यासाठी पदवी लागत नाही. करदात्याकडे नियमित नोकरीला असलेला माणूस चालतो. ज्या शेड्यूल्ड बँकेत करदात्याचे चालू खाते आहे, त्या बँकेचा अधिकारीही चालतो, पण ही तरतूद आज जवळजवळ कागदावरच उरली आहे. दिवाणी न्यायालयात वकिली करण्यास पात्र असलेला वकील आणि सीए हे तर नेहमीचेच. याखेरीज वाणिज्य किंवा कायद्याची पदवी घेऊन खात्याकडे नोंदणी केलेले आयकर व्यावसायिकही या व्याख्येत बसतात.

सीएच्या बाबतीत एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. कायद्याला अभिप्रेत असलेला ‘लेखापाल’ म्हणजे नुसता परीक्षा उत्तीर्ण झालेला नव्हे, तर स्वतंत्र व्यवसाय करण्याचे चालू प्रमाणपत्र हाती असलेला. एखाद्या कंपनीत नोकरी करणाऱ्या शेजारच्या सीएकडे बहुधा ते नसते. त्यामुळे तो लेखापाल म्हणून दुसऱ्या कोणाचे प्रतिनिधित्व करू शकत नाही. मात्र तोच जर करदात्याचा भाचा असेल, तर नातेवाईक म्हणून त्याला उभे राहता येते. व्यवसाय करणारा सीए करदात्याचा नातेवाईक असल्यास तो त्याच्या हिशेबांचे लेखापरीक्षण करू शकत नाही, पण प्रतिनिधी म्हणून मात्र चालतो. करविषयक कारवाईत गुन्हा सिद्ध झालेला, दिवाळखोर ठरलेला किंवा सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेला माणूस प्रतिनिधी होण्यास अपात्र असतो. प्रकरण उच्च न्यायालयात गेले की तिथे फक्त वकीलच, तोही वकीलपत्रावर. खालच्या पातळीवर सगळे काम सीएने केले असले तरी त्याचे अधिकारपत्र उच्च न्यायालयात उपयोगी पडत नाही.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो माणूस निवडताना नव्हे, तर त्याला नेमताना. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर दुसऱ्या माणसाला जोडण्याचे तीन वेगवेगळे मार्ग आहेत आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत. पहिला मार्ग म्हणजे Authorised Partners या मेनूतून आपला सीए जोडणे. यामुळे लेखापरीक्षण अहवालासारखे जे फॉर्म सीएने भरायचे असतात, ते त्याच्याकडे सोपवता येतात. पण तेवढ्याने त्याला नोटिशीला उत्तर देता येत नाही. दुसरा मार्ग त्याच मेनूत आहे. करदाता परदेशी असेल किंवा अन्य कारणाने स्वतः सही करू शकत नसेल, तर विवरणपत्र आणि फॉर्म आपल्या वतीने पडताळण्यासाठी तो दुसऱ्याला अधिकार देतो. त्यासाठी मुखत्यारपत्र लागते, कारण इथे करदात्याच्या सहीचीच जागा दुसरा घेत असतो. तिसरा मार्ग नोटिशी आणि सुनावणीचा. तो Pending Actions मधील e-Proceedings या पानावर Add/View Authorised Representative या नावाने दिसतो. तिथे प्रतिनिधीची माहिती भरून करदात्याच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने नेमणूक पक्की होते. त्यानंतर प्रतिनिधी स्वतःच्या लॉगिनने आत येऊन त्या प्रकरणात उत्तर दाखल करू शकतो. एका प्रकरणात एका वेळी एकच प्रतिनिधी सक्रिय राहतो.

हे तीन मार्ग ठाऊक नसल्यामुळे सर्रास चौथा वापरला जातो, तो म्हणजे करदात्याचा पासवर्डच सल्लागाराला देऊन टाकणे. छोट्या शहरांत तर हीच रीत झाली आहे. सल्लागाराच्या कार्यालयात शंभर-दोनशे अशिलांचे पॅन आणि पासवर्ड एका वहीत लिहून ठेवलेले असतात. यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही, पण कायद्याच्या दृष्टीने त्या लॉगिनमधून गेलेले प्रत्येक उत्तर करदात्याने स्वतः दिलेले ठरते. उद्या त्या उत्तरात चूक निघाली, तर ‘ते माझ्या सल्लागाराने लिहिले’ हे सांगायला कागदोपत्री आधार राहत नाही. शिवाय पासवर्ड हाती असणाऱ्याला परताव्याचे बँक खाते, मोबाइल क्रमांक आणि जुनी विवरणपत्रे, सगळेच खुले असते. e-Proceedings मधील नेमणुकीत प्रतिनिधीच्या हाती फक्त ते प्रकरण येते. पासवर्डऐवजी हा मार्ग घ्यायचा तो याचसाठी.

कायद्याला प्रतिनिधीची नेमणूक लेखी हवी असते. त्यामुळे पोर्टलवरच्या नेमणुकीबरोबर सही केलेले अधिकारपत्रही तयार ठेवावे लागते. वकिलासाठी ते वकीलपत्र असते. सीए किंवा नातेवाईक असेल तर अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र. मुखत्यारपत्रावर राज्याच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे मुद्रांक लागतो. कंपनी असेल तर सही करणाऱ्या संचालकाला तसा अधिकार देणारा ठराव जोडावा, आणि हिंदू अविभक्त कुटुंबाच्या वतीने कर्त्याने सही करावी. पण त्या कागदात नेमके काय लिहायचे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, आणि तो एका उदाहरणावरून नीट समजतो.

सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत असे समजू. वडिलोपार्जित भूखंड त्यांनी आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये विकला. आलेल्या रकमेतून पुण्यात सदनिका घेतली आणि त्या जोरावर कलम ५४एफ खाली ४० लाख रुपयांच्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर सूट मागितली. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ चे विवरणपत्र जुलै २०२४ मध्ये भरले. प्रकरण तपासणीसाठी निवडले गेले आणि जून २०२५ मध्ये कलम १४३(२) ची नोटीस आली. ही नोटीस बजावण्याची खात्याची मुदत ३० जून २०२५ पर्यंतच होती, म्हणजे ती वेळेत आली होती. पाठोपाठ कलम १४२(१) खाली प्रश्नावली आली. तिच्यात विक्रीचे आणि खरेदीचे दस्त, १ एप्रिल २००१ रोजीच्या किमतीचे मूल्यांकन, बँकेचे उतारे आणि विक्रीच्या दिवशी बाईंच्या नावावर आणखी किती घरे होती याचा खुलासा मागितला होता. यातला शेवटचा प्रश्न कळीचा, कारण नव्या घराखेरीज एकाहून अधिक घरे नावावर असतील तर ५४एफ ची सूट मिळत नाही.

बाईंनी सीए नेमायचे ठरवले. छापील नमुन्यातले अधिकारपत्र बहुतेक वेळा ‘माझ्या आयकराच्या सर्व प्रकरणांत माझ्या वतीने सर्व काही करण्यास’ अशा शब्दांत असते. ते न वापरलेले बरे. या कागदात करनिर्धारण वर्ष २०२४-२५ असे एकच वर्ष असावे आणि कलम १४३(३) खालील करनिर्धारणाच्या कारवाईपुरतेच ते मर्यादित असावे. नोटिशीवर असलेला दस्तऐवज ओळख क्रमांकही, ज्याला सगळे डीआयएन म्हणतात, त्यात लिहावा. तोच क्रमांक पोर्टलवर टाकून नोटीस खरी आहे की नाही हे पाहता येते. प्रतिनिधी म्हणून सीएचे व्यक्तिगत नाव आणि सदस्यत्व क्रमांक असावा. फक्त फर्मचे नाव लिहिले, तर सुनावणीला कोण बसणार हे मोकळेच राहते. आजारपणाची सोय म्हणून त्याच फर्मच्या एका भागीदाराचे नाव पर्यायी म्हणून घालायला हरकत नाही.

त्यानंतर कामे. नोटीस आणि पत्रे स्वीकारणे, लेखी उत्तरे व कागदपत्रे दाखल करणे, मुदतवाढ मागणे, व्हिडिओ सुनावणीची मागणी करणे आणि तिला हजर राहणे, आदेशाची प्रत घेणे, एवढी कामे निर्धास्तपणे सोपवता येतात. करनिर्धारणाचे रोजचे काम यातच संपते. यातले एखादे वगळले तर प्रतिनिधी ऐन वेळी अडतो. मुदतवाढीचा अधिकार तर हवाच, कारण ती मागणी उत्तराच्या तारखेआधी जावी लागते आणि त्या क्षणी करदाता गावात असेलच असे नाही.

काय देऊ नये हे मात्र कागदावर वेगळे लिहावे लागते. नुसते वगळले तर कोणी तिकडे लक्ष देत नाही. करवाढीला संमती देणे, केलेला दावा सोडून देणे, अपिलाचा हक्क सोडणे आणि आधी दिलेले निवेदन बदलणे या चार गोष्टी करदात्याच्या लेखी संमतीशिवाय करता येणार नाहीत, असे स्पष्ट वाक्य अधिकारपत्रात असावे. बाईंच्या प्रकरणात या वाक्याचे मोल आकड्यांतच दिसते. समजा, प्रश्नावली पाहून प्रतिनिधीला वाटले की गावातल्या जुन्या वाड्यातला हिस्सा हेही घर धरले जाईल आणि प्रकरण लांबेल. मग ‘करदात्याने सूट मागे घेण्याचे मान्य केले आहे’ असे एक वाक्य त्याने उत्तरात लिहून टाकले. तेवढ्याने ४० लाखांवर २० टक्क्यांनी ८ लाख आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ८ लाख ३२ हजारांचा कर बसतो, व्याज वेगळेच. कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कलम २७०ए खाली कराच्या निम्मा, म्हणजे ४ लाख १६ हजारांपर्यंत दंड लागू शकतो. जे मान्य केले त्याविरुद्ध अपील करणे पुढे फार कठीण होते. कायद्याच्या मुद्द्यावर प्रतिनिधीने दिलेली चुकीची कबुली करदात्याला बांधत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी मानले आहे. पण वस्तुस्थितीची कबुली बांधते. ‘दुसरे घर आहे’ ही वस्तुस्थिती आहे, आणि वाड्यातला अविभक्त हिस्सा म्हणजे घराची मालकी का, हा कायद्याचा वाद. घाईत लिहिलेल्या उत्तरात या दोन्हींची गल्लत होते आणि नंतर ती सोडवणे अवघड जाते. तडजोड करणे शहाणपणाचे असूही शकते. कर भरून अपील न केल्यास दंडातून सूट मागण्याची सोयही कायद्यात आहे. तो निर्णय घ्यायचा कोणी, एवढाच इथे प्रश्न आहे.

अपिलाच्या सहीचेही तसेच. आयकर आयुक्त (अपील) यांच्याकडे दाखल होणाऱ्या फॉर्म ३५ वर, विवरणपत्रावर सही करण्याचा ज्याला अधिकार आहे त्याचीच पडताळणी लागते. म्हणजे सामान्यतः करदात्याची. कलम २८८ खालचा प्रतिनिधी अपिलात बाजू मांडू शकतो, पण नुसत्या त्या नेमणुकीच्या जोरावर अपिलावर सही करू शकत नाही. त्यामुळे ‘अपील करण्याचा अधिकार’ अधिकारपत्रात लिहून दिला की काळजी मिटली, असे समजू नये. परतावा स्वीकारणे किंवा पोर्टलवरचे बँक खाते बदलणे यांचा तर या कामाशी संबंधच नाही.

यानंतर नोटिशी कोणाकडे जातात हा भाग, आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. कलम १४४बी खाली करनिर्धारण चेहराविरहित पद्धतीने चालते. अधिकारी कुठल्या शहरात आहे हे करदात्याला कळत नाही आणि सगळा पत्रव्यवहार पोर्टलवरून होतो. नोटीस करदात्याच्या पोर्टल खात्यात ठेवली, किंवा त्याच्या अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीच्या नोंदणीकृत ई-मेलवर पाठवली, की ती बजावली गेली असे धरतात. म्हणजे प्रतिनिधीला मेल पोचला की करदात्याला पोचल्यासारखेच. त्याने तो उघडला नाही तरी मुदत चालू होते. आदेशाविरुद्ध अपिलाचे ३० दिवसही तिथूनच मोजले जातात.

म्हणून प्रतिनिधी नेमला तरी My Profile मधील मुख्य मोबाइल आणि मुख्य ई-मेल करदात्याचेच असावेत. कित्येक जुन्या नोंदण्यांत दोन्ही जागी सल्लागाराचे क्रमांक असतात, कारण पहिले विवरणपत्र त्यानेच भरलेले असते. अशा खात्यात नोटीस आल्याचे मूळ माणसाला महिनोन्महिने कळत नाही. कळते ते थेट एकतर्फी आदेश आणि मागणीची नोटीस आल्यावर. नोटिशीकडे दुर्लक्ष झाल्यास अधिकारी कलम १४४ खाली आपल्या समजुतीप्रमाणे करनिर्धारण करू शकतो आणि प्रत्येक चुकीसाठी १० हजार रुपयांचा दंडही लावू शकतो. सल्लागाराचा ई-मेल हवाच असेल तर तो दुय्यम म्हणून जोडावा. पोर्टलवर तशी वेगळी जागा आहे. शिवाय करदात्याने आठवड्यातून एकदा e-Proceedings उघडून पाहावे. पाहण्याचा अधिकार प्रतिनिधी नेमल्याने जात नाही. दाखल झालेली उत्तरे, जोडलेले कागद, मागितलेली मुदतवाढ, सगळे तिथे दिसते. ‘उत्तर दिले आहे’ असे फोनवर सांगणारा प्रतिनिधी आणि पोर्टलवर रिकामी असलेली उत्तराची जागा, हे चित्र दिसले की माणूस बदलण्याची वेळ आली असे समजावे.

करवाढीचा प्रस्ताव असेल तर आदेशाआधी कारणे दाखवा नोटीस येते. तिला लेखी उत्तर देताना व्हिडिओ सुनावणी मागता येते. ती आपोआप मिळत नाही. मागावी लागते, आणि करदाता किंवा त्याचा प्रतिनिधी दोघेही ती मागू शकतात. सुनावणीआधी प्रतिनिधीकडे काय काय आहे हे बाईंनी पाहून घ्यावे: दोन्ही दस्तांच्या पूर्ण प्रती, मूल्यांकनाचा अहवाल, विक्रीची रक्कम जमा झाल्यापासून सदनिकेचे शेवटचे पैसे जाईपर्यंतचे बँकेचे उतारे, वाड्याचा मालमत्ता पत्रकाचा उतारा. व्यवहाराचे तपशील जिला ठाऊक आहेत ती व्यक्ती सुनावणीच्या वेळी प्रतिनिधीजवळ बसली तर बरे. ‘हा दोन लाखांचा धनादेश कशाचा?’ असा प्रश्न आला की सीएला उत्तर आठवत नाही, बाईंना आठवते. तोंडी काय बोलायचे ते आधी लेखी उत्तरात घालून ठेवावे, म्हणजे सुनावणीतल्या धावत्या वाक्याला कागदाचा आधार मिळतो.

नातेवाईक नेमावा की व्यावसायिक, याचा निर्णय नोटिशीच्या प्रकारावरून करता येतो. विवरणपत्र सदोष असल्याची कलम १३९(९) ची नोटीस किंवा टीडीएसच्या आकड्यांत फरक दाखवणारे पत्र आले, तर कागद नीट वाचणारा मुलगा-भाचा पुरेसा असतो. वरच्यासारखी सूट वादात असेल, रोख जमेचा खुलासा मागितला असेल किंवा जुने वर्ष पुन्हा उघडले असेल, तर अनुभवी सीए किंवा वकील नेमावा. भाच्याला कायद्याने उभे राहता येते म्हणून त्याला उभे करावेच असे नाही.

परदेशी राहणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेत किंवा आखातात असलेला मुलगा सांगलीच्या घराच्या विक्रीवरील नोटीस स्वतः हाताळू शकतो, कारण पोर्टल कुठूनही उघडते. अडतो तो भारतीय मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर. म्हणून क्रमांक बंद होण्यापूर्वी नोंदणीत परदेशी क्रमांक घालून ठेवावा. भारतातल्या माणसाला सहीचाही अधिकार द्यायचा असेल तर मुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घेण्याची रीत आहे. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ही मुदत चुकली तर ऐन वेळी मुखत्यारपत्र पुराव्यात घेता येत नाही.

नेमणूक संपवणेही लेखीच करावे. आदेश झाला, किंवा मध्येच प्रतिनिधी बदलायचा ठरले, तर e-Proceedings मधून त्याचे नाव काढावे आणि अधिकारपत्र रद्द केल्याचे पत्र त्याला पोच घेऊन द्यावे. जुने नाव काढल्यानंतर नवा प्रतिनिधी जोडता येतो. मधल्या काळात एखादी तारीख असेल तर आधी मुदतवाढ मागून मग बदल करावा. त्याच दिवशी त्याच्याकडचे मूळ दस्त, मूल्यांकन अहवाल आणि दाखल केलेल्या सर्व उत्तरांच्या प्रती परत घ्याव्यात. अपिलात नव्या वकिलाला सर्वांत आधी लागतात त्या याच. करदात्याचा मृत्यू झाला तर त्याने दिलेले अधिकारपत्र आपोआप संपते. प्रतिनिधी पुढे काहीही दाखल करू शकत नाही. वारसाने पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते आणि प्रकरण चालवायला प्रतिनिधी हवाच असेल तर स्वतःच्या सहीने नवे अधिकारपत्र द्यावे लागते.